सीएएसवरून भांडवली नफा कसा काढावा: एका विक्रीचा पूर्ण हिशेब

जुलै जवळ आला की नाशिकमध्ये रिटर्न भरणाऱ्यांची धावपळ सुरू होते. बहुतेक जण मोबाइल ॲपवर दिसणारा सरासरी खरेदीभाव घेऊन येतात. प्राप्तिकराच्या हिशेबात सरासरी भाव चालत नाही. म्युच्युअल फंडाचं विकलेलं प्रत्येक युनिट कोणत्या दिवशी घेतलेलं होतं हे ठरवावं लागतं, आणि ते फक्त व्यवहारांच्या सविस्तर विवरणातून कळतं.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांचं उदाहरण घेऊ. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे मी गोल केले आहेत. काकांनी 10 ऑक्टोबर 2016 रोजी एका इक्विटी फंडात 1,00,000 रुपये एकरकमी टाकले. भाव 40 रुपये होता, म्हणून 2,500 युनिट मिळाले. जुलै 2024 पासून त्याच फोलिओत दरमहा 10,000 रुपयांची एसआयपी सुरू केली. नातीच्या कॉलेजची फी भरायला 11 ऑगस्ट 2025 रोजी 2,700 युनिट 110 रुपये भावाने विकले.

विवरण मागवताना

कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्यांच्या संकेतस्थळावर एकत्रित विवरण, म्हणजेच सीएएस, मागवता येतं. फंड कोणत्याही रजिस्ट्रारकडे असला तरी दोघांकडचे फोलिओ त्यात येतात. तिथे `Summary` न घेता `Detailed` निवडा. `Specific Period` मध्ये पहिल्या गुंतवणुकीच्याही आधीची तारीख द्या, आणि `With zero balance folios` हा पर्याय घ्या. फंडाकडे नोंदवलेल्या ईमेलवर पीडीएफ येते. तिचा पासवर्ड मागवताना तुम्हीच ठरवलेला असतो.

फाइल उघडल्यावर आधी प्रत्येक योजनेच्या सुरुवातीची `Opening Unit Balance` ही ओळ बघा. तिथे शून्य नसेल तर जुनी खरेदी विवरणाबाहेर राहिली आहे. मग सुरुवातीची तारीख आणखी मागे नेऊन नवं विवरण मागवा. डिपॉझिटरीकडून दरमहा येणारं विवरण या कामाला अपुरं पडतं, कारण त्यात त्या महिन्याचेच व्यवहार असतात.

शीटमध्ये उतरवताना

तारीख, रक्कम, भाव आणि युनिट अशा चार रकान्यांत प्रत्येक ओळ टाका. विक्रीचे युनिट विवरणात कंसात छापलेले असतात, ते उणे करा. `*** Stamp Duty ***` ही वेगळी ओळ असते. 1 जुलै 2020 पासून खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे दहा हजारांवर 50 पैसे. ते खरेदीखर्चात धरा. `*** STT Paid ***` मधली, म्हणजे रोखे व्यवहार कराची, रक्कम मात्र नफ्यातून वजा करता येत नाही. शेवटी युनिटची बेरीज करा:

```
=ROUND(SUM(D2:D40),3)
```

हा आकडा विवरणातल्या शेवटच्या शिल्लक युनिटशी दशांशासकट जुळलाच पाहिजे. फरक आला तर बहुधा लाभांशाची पुनर्गुंतवणूक किंवा स्विचची एखादी ओळ सुटलेली असते. स्विच म्हणजे एका योजनेतून विक्री आणि दुसरीत खरेदी, भले पैसा बँकेत आलेला नसो.

आधी आलेलं आधी गेलं

विक्रीचे युनिट सर्वांत जुन्या खरेदीपासून क्रमाने वजा करायचे. काकांच्या 2,700 युनिटमध्ये 2016 चे 2,500 आले, मग 10 जुलै 2024 च्या हप्त्याचे, 100 रुपये भावाने मिळालेले, 99.995 युनिट. उरलेले 100.005 युनिट ऑगस्ट 2024 च्या हप्त्यातून गेले. त्या हप्त्यात 98 रुपये भावाने 102.036 युनिट मिळाले होते.

काकांच्या एसआयपीची तारीख दरमहा 10 आहे, पण 10 ऑगस्ट 2024 ला शनिवार होता, म्हणून युनिट सोमवारी, 12 ऑगस्टला मिळाले. 10 तारीख धरली तर 11 ऑगस्ट 2025 च्या विक्रीपर्यंत बारा महिने उलटून गेले असं वाटेल आणि नफा दीर्घकालीन दिसेल. खरी तारीख घेतली की तो अल्पकालीन ठरतो. इक्विटी फंडात नफा दीर्घकालीन ठरायला बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ लागतो, म्हणून हप्त्याची ठरलेली तारीख कधीच वापरू नका, विवरणातली घ्या. खरेदीची तारीख B मध्ये आणि विक्रीची C मध्ये असेल तर सूत्र असं, त्यात LTCG म्हणजे दीर्घकालीन नफा आणि STCG म्हणजे अल्पकालीन:

```
=IF(C2>EDATE(B2,12),"LTCG","STCG")
```

31 जानेवारी 2018 चा भाव

या दिवसापर्यंत घेतलेल्या इक्विटी युनिटना कायद्याने सवलत दिली आहे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. त्या दिवसाचा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी आकडा घ्यायचा. तो आणि मूळ खर्च यांत जो जास्त असेल तो खरेदीखर्च. आपल्या फंडाचा त्या दिवसाचा एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळतो. काकांच्या उदाहरणात तो 58 धरू. तेव्हाचं मूल्य 1,45,000 झालं, विक्री 2,75,000 ला झाली आणि मूळ खर्च 1,00,000 होता. म्हणून खर्च 1,45,000 आणि नफा 1,30,000 रुपये.

जुलैच्या हप्त्याचे 10,999 रुपये आले, खर्च 10,000, म्हणून नफा 999. दोन्ही मिळून दीर्घकालीन नफा 1,30,999 झाला. वर्षाला 1,25,000 रुपयांपर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही. उरलेल्या 5,999 वर साडेबारा टक्क्यांनी सुमारे 750 रुपये होतात. 2018 चा भाव विसरले असते तर हाच कर सुमारे 6,375 झाला असता.

ऑगस्टच्या युनिटवर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याबद्दल फंड कापतो ते शुल्क, कापला गेला असं धरू. हातात 10,891 आले, त्या भागाचा खर्च 9,801, म्हणून अल्पकालीन नफा 1,090 आणि वीस टक्क्यांनी कर 218 रुपये. दोन्ही करांवर चार टक्के उपकर वेगळा.

हे सगळं इक्विटी फंडांचं झालं. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी अल्पकालीनच धरला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो.

शेअर असतील तर

पद्धत हीच, पण कागद वेगळे. डीमॅट विवरणात शेअर कधी आले आणि किती आले एवढंच असतं, भाव नसतो. भावासाठी कॉन्ट्रॅक्ट नोट किंवा ब्रोकरचा व्यवहारनिहाय अहवाल लागतो. जुन्या ब्रोकरकडून नव्याकडे शेअर हलवले असतील तर नव्या अहवालात खर्चाच्या जागी शून्य दिसू शकतं. जुनं खातं बंद करण्याआधीच तिथले सगळे अहवाल उतरवून ठेवा. दलाली खर्चात धरता येते. क्रम त्या डीमॅट खात्यात शेअर आल्याच्या तारखेने लावायचा, आणि दोन खाती असतील तर प्रत्येकाचा वेगळा. 2018 च्या सवलतीसाठी शेअरचा 31 जानेवारीचा बाजारातला सर्वोच्च भाव घ्यायचा.

बोनस शेअरचा खर्च शून्य आणि मुदत वाटपाच्या दिवसापासून. तो बोनस 31 जानेवारी 2018 च्या आधीचा असेल तर त्यालाही वरची सवलत मिळते. शेअरचं विभाजन झालं असेल तर तारीख जुनीच राहते, फक्त खर्च वाढलेल्या संख्येत वाटला जातो.

काकांचा अल्पकालीन नफा हजाराच्या आसपास असला तरी त्यांना आयटीआर-1 भरता येणार नाही, आयटीआर-2 लागेल. त्यात 31 जानेवारी 2018 पर्यंतची खरेदी आयएसआयएन, म्हणजे त्या योजनेच्या ओळख क्रमांकासह वेगळ्या ओळीत द्यावी लागते, म्हणून शीटमध्ये तो रकाना सुरुवातीलाच ठेवा.