सायलोच्या भिंतीवरचा धान्याचा दाब: या चुका टाळा

इंदूरच्या आसपासच्या तेलगिरण्यांत आणि गोदामांत आता बोल्टने जोडलेले, नागमोडी गॅल्वनाइज्ड पत्र्याचे सायलो नेहमीचे झाले आहेत. ते विकत घेताना चौकशी होते ती टनांची आणि पत्र्याच्या जाडीची. सायलो फाटतो मात्र बहुधा पत्र्याच्या मध्यातून नाही, तर उभ्या जोडावरच्या बोल्टांच्या रांगेतून. तेही भरताना क्वचितच. बहुतेकदा माल काढताना. असे का होते, हे एकाच सायलोचा हिशेब मांडून पाहू.

उदाहरणासाठी ८ मीटर व्यासाचा, १६ मीटर उंच भिंतीचा, सपाट तळाचा सायलो घ्या. त्यात गहू आहे, घनमीटरला ८५० किलो, म्हणजे काठोकाठ भरला की साधारण ६८० टन. आपण वरून १२ मीटर खोलीवरची भिंत तपासणार आहोत.

धान्याला पाणी समजणे

टाकीत १२ मीटर खोल ८५० किलो घनतेचा द्रव असता, तर भिंतीवर चौरस मीटरला सुमारे १०२ किलोन्यूटन दाब आला असता. गहू तसा वागत नाही. दाणे भिंतीला घासतात आणि आपले वजन घर्षणाने भिंतीवर टांगतात, त्यामुळे खोलीबरोबर दाब वाढण्याचा वेग कमी होत जातो. जान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये याचे सूत्र मांडले आणि आजही हिशेबाची सुरुवात तिथूनच होते.

```
p = (g*R/u) * (1 - exp(-u*K*z/R))
R = D/4
T = p*D/2
```

यात g म्हणजे धान्याचे घनमीटरचे वजन, इथे सुमारे ८.५ किलोन्यूटन, u म्हणजे भिंतीवरच्या घर्षणाचा गुणांक, म्हणजे घर्षणकोनाचा टॅन्जंट, z म्हणजे खोली आणि D म्हणजे व्यास. K हे आडव्या दाबाचे उभ्या दाबाशी गुणोत्तर. T हे हूप टेन्शन, म्हणजे भिंतीला वेढा घालून असलेला ताण. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेत जो ताण असतो, तोच इथे पत्र्यात असतो. एक मीटर उंचीचे कडे मधोमध कापले अशी कल्पना करा. अर्ध्या भागाला बाहेर ढकलणारे बल दाब गुणिले व्यास इतके, आणि ते कापलेली दोन टोके मिळून धरतात; म्हणून दोनाने भागायचे.

पाण्याचा हिशेब लावला तर हूप टेन्शन खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त येते, मग बिघडले कुठे, असे वाटेल. बिघडते ते उभ्या दिशेला. पाणी भिंतीला खाली ओढत नाही, गहू ओढतो. आपल्या उदाहरणात १२ मीटरपर्यंतच्या गव्हाचे सुमारे ४० टक्के वजन भरतानाच भिंतीवर टांगलेले असते आणि काढताना ते निम्म्याच्या वर जाते. नागमोडी पत्रा उभ्या दाबाला भात्यासारखा मिटतो, म्हणून हे वजन उभ्या खांबपट्ट्यांनी, म्हणजे स्टिफनरनी, पेलायचे असते. पाण्याच्या हिशेबात ते शून्यच धरले जाते.

फक्त भरलेल्या, स्थिर धान्याचा दाब धरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. धान्य स्थिर असते तेव्हा त्याचे वजन मुख्यतः खाली दाबते आणि आडवा दाब त्याच्या साधारण निम्मा असतो. गेट उघडले की खालचा आधार सरकतो, दाणे एकमेकांवर घसरत उतरू लागतात आणि दाबाची मुख्य दिशा आडवी होत जाते. काँक्रीटच्या धान्यकोठ्यांसाठीच्या आयएस ४९९५ या भारतीय मानकात हा फरक आकड्यांत दिलेला आहे. भरताना गुणोत्तर ०.५ आणि काढताना १.०, भिंतीचा घर्षणकोन भरताना गव्हाच्या अंतर्गत घर्षणकोनाच्या ०.७५ पट आणि काढताना ०.६ पट. गव्हाचा कोन २८ अंश धरला तर हे अनुक्रमे २१ आणि १६.८ अंश होतात. पोलादी कोठ्यांसाठी आयएस ९१७८ आहे. इथे फक्त दाबातला फरक दाखवायचा आहे, म्हणून हेच आकडे वापरले आहेत.

आता १२ मीटरवर किंमती घाला. भरताना दाब येतो चौरस मीटरला ३०.३ किलोन्यूटन, म्हणजे हूप टेन्शन मीटर उंचीला १२१ किलोन्यूटन. काढताना दाब ४७.१ आणि हूप टेन्शन १८८. माल तोच, पातळी तीच, आणि ताण दीडपटीहून जास्त. (तळाजवळ थोडी सवलत देणारा नियमही मानकात आहे; ती इथे धरलेली नाही.)

हा फरक पत्र्यावर कसा उतरतो तेही पाहू. पत्रा १.५ मिलिमीटर, तुटण्याची ताकद ४२० मेगापास्कल. उभ्या जोडावर १० मिलिमीटरचे बोल्ट, दोन रांगा, ७६ मिलिमीटर अंतराने. बोल्टचे छिद्र पत्र्याच्या काठापासून २५ मिलिमीटरवर असेल, तर सुरक्षा गुणक धरून एका छिद्रापाशी पत्रा सुमारे ९.६ किलोन्यूटन सोसतो. मीटरला २६ बोल्ट बसतात, म्हणजे जोडाची ताकद साधारण २५०. भरतानाच्या १२१ ला १.५ ने गुणले तर १८२ येतात, जोड आरामात पास होतो. काढतानाच्या १८८ ला १.५ ने गुणले की २८२, आणि तोच जोड नापास. अखंड पत्र्याची ताकद यापेक्षा बरीच जास्त आहे, म्हणून नुसती जाडी बघून समाधान मानणारा माणूस इथे फसतो. उपाय दोन आहेत: त्या रिंगला, म्हणजे पत्र्याच्या त्या कड्याला, २ मिलिमीटर पत्रा, किंवा तेवढ्याच पत्र्यावर बोल्टांची तिसरी रांग. आणखी कडक बोल्ट आणून उपयोग नाही, कारण इथे बोल्ट कापला जात नाही, त्याच्याभोवतीचा पत्रा चिरडतो.

विकत घेताना पुरवठादाराकडून रिंगनिहाय तक्ता मागा: खोली, काढतानाचा दाब, पत्र्याची जाडी, उभ्या जोडावरच्या बोल्टांच्या रांगा. त्यात काढतानाच्या दाबाचा रकाना नसेल तर खरेदी थांबवा.

बाजूच्या गेटातून माल काढणे

वरचे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: दाब सगळीकडून सारखा आहे. माल मधल्या गेटातून निघतो तोपर्यंत हे बऱ्यापैकी खरे असते. घाई असते, ट्रक बाजूला उभा असतो आणि कुणीतरी भिंतीजवळचे गेट आधी उघडतो. मग भिंतीला लागून धान्याची एक वाहती नळी तयार होते. त्या पट्टीत दाब घसरतो, तिच्या दोन्ही काठांवर वाढतो, आणि गोल कडे अंडाकृती होऊ पाहते. पातळ पत्रा ताण उत्तम घेतो, वाकणे मात्र त्याला जमत नाही. शिवाय त्या पट्टीत भिंतीला आतून टेका कमी झालेला असतो आणि उभे वजन टांगलेलेच असते, म्हणून तिथे पत्रा आत दबतो.

क्रम असा ठेवा. मधले गेट आधी, आणि त्यातून आपोआप येणारा माल पूर्ण थांबेपर्यंत तेच. मगच बाजूची गेटे. बाजूच्या गेटांच्या दांड्यांना कुलूप लावून किल्ली पाळीच्या प्रमुखाकडे ठेवली तर चूक हाताने घडतच नाही. असे गेट चुकून उघडले गेलेच, तर ते बंद करून त्या बाजूच्या भिंतीवर उभा खड्डा दिसतो का ते सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा; दुपारच्या उजेडात तो लपतो.

थंडीच्या रात्री विसरणे

माळव्यात डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री कडाका. पत्रा २० अंशांनी थंड झाला की तो आकसू पाहतो, पण आत गहू घट्ट बसलेला असतो. धाव तापवून चाकावर बसवतात आणि ती निवताना लाकूड आवळते, तसेच हे. गहू जराही दबला नाही असे मानले तर पत्र्यात सुमारे ४८ मेगापास्कल जादा ताण येईल. प्रत्यक्षात धान्य थोडे दबते आणि आकडा बराच खाली येतो, पण शून्य होत नाही. दिवसा पत्रा प्रसरण पावला की दाणे खाली बसून ती जागा भरतात आणि रात्री तो परत आवळतो. म्हणून महिनोन्‌महिने भरून ठेवलेल्या सायलोचा जोड हिवाळ्यानंतर एकदा तपासायलाच हवा.

जोड बोलतो ते न ऐकणे

नवा सायलो उभा राहिला की खालच्या चार-पाच रिंगांच्या प्रत्येक उभ्या जोडावर, दोन्ही पत्र्यांवरून जाईल अशी एक आडवी रंगरेषा मारा. छिद्र बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठे असते, त्यामुळे पहिल्या भरणीत रेषा थोडी तुटणारच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी माल काढल्यावर ती अंतर वाढवत गेली, तर छिद्रे लांबत आहेत. वॉशर तिरका बसलेला दिसणे आणि बोल्टच्या एका बाजूला जस्त खरवडून चमकणारी चंद्रकोर दिसणे, ही त्याचीच खूण.

छिद्र लांबले की जोडातला सीलंट फाटतो. मग पावसाळ्यात पाणी आत जाते, आणि सोयाबीन असेल तर ते फुगते. या फुगण्याचा दाब वरच्या सूत्रात कुठेच नाही. तो धान्याच्या वजनातून नाही, दाण्याच्या आकारवाढीतून येतो आणि भिंतीला काही केल्या सोडत नाही. तळाच्या रिंगला बाहेर पोट आले, आंबूस वास आला आणि गेटातून माल अडत अडत आला, तर हेच घडते आहे असे धरा.

भरलेल्या सायलोत असे काही सापडले की पहिला विचार येतो तो लगेच खालून रिकामा करण्याचा. वरचे आकडे आठवा: गेट उघडताच १२१ चे १८८ होतात. दुखावलेल्या जोडाला हा धक्का सोसेल याची खात्री नाही. आधी भरणे थांबवा, सायलोच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत माणसे आणि वाहने हटवा, एरेशनचा पंखा चालू असेल तर जवळ न जाता मुख्य फलकावरून बंद करा. स्ट्रक्चरल अभियंता येईपर्यंत बोल्ट कसू नका. ताणाखालचा बोल्ट बदलण्यासाठी काढणे तर अजिबात नाही. पातळी उतरवायचीच असेल तर छताच्या झरोक्यातून सोडलेल्या सक्शन पाइपने वरून माल ओढणे हा मार्ग अभियंत्यापुढे ठेवा, कारण त्यात खालचा माल जागचा हलत नाही. पाइप बाहेरूनच हाताळायचा. धान्यावर माणूस उतरवायचा नाही, दोर बांधूनही नाही.