एक व्हिडिओ हिट झालेल्या चॅनेलचे आकडे वाचताना मीडियन का बघायचा

चॅनेल सांभाळायच्या किंवा ॲनालिटिक्सच्या कामाला जे नवीन लागलेत त्यांच्यासाठी लिहितोय. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "आपल्या व्हिडिओला साधारण किती व्ह्यूज येतात?" आणि मग आपण काय करतो, एकूण व्ह्यूज घेतो, व्हिडिओंच्या संख्येने भागतो आणि उत्तर देऊन मोकळे. चॅनेलवर एखादा मोठा हिट असेल तर हे उत्तर गणित म्हणून बरोबर असतं पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नसतं.

मी नवीन माणसाला शिकवताना नेहमी हे 11 आकडे लिहून देतो (शिकवायला सोपे पडतील असे बनवलेले आहेत, पण छोट्या चॅनेलचं चित्र बऱ्यापैकी असंच दिसतं). लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेत:

620, 710, 780, 840, 900, 950, 1020, 1100, 1240, 1440 आणि 1,80,000.

शेवटचा तो हिट. बेरीज होते 1,89,600, भागिले 11, म्हणजे ॲव्हरेज साधारण 17,236. आता यादीत बघा, 17 हजाराच्या आसपास एकतरी व्हिडिओ आहे का? नाही. 10 व्हिडिओ त्याच्या पार खाली आहेत आणि एक पार वर. मीडियन म्हणजे ओळीतला मधला, इथे सहावा, 950. त्याच्या खाली पाच, वर पाच. हिट बाजूला काढला तर ॲव्हरेज धाडकन 960 वर येतं आणि मीडियन 950 चा 925 होतो (आकडे 10 उरले, म्हणून मधल्या दोघांच्या, 900 आणि 950 च्या, मधोमध), बस. तोच हिट 18 लाखांवर गेला असता तर ॲव्हरेज दीड लाखाच्या पुढे गेलं असतं, मीडियन मात्र 950 च राहिला असता, कारण सगळ्यात मोठा आकडा किती मोठा आहे याच्याशी मीडियनला देणंघेणं नाही, तो मधल्याच्या वर आहे एवढंच त्याला पुरतं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरी गंमत पुढचा व्हिडिओ टाकल्यावर होते. समजा बारावा व्हिडिओ आला आणि त्याला 1,500 व्ह्यूज मिळाले. हिट सोडला तर हा चॅनेलचा सगळ्यात चांगला चाललेला व्हिडिओ. पण ॲव्हरेज? 17,236 वरून 15,925. म्हणजे टीमने आजवरचं दुसऱ्या नंबरचं काम केलं आणि रिपोर्टमध्ये आकडा 1,300 ने पडलेला दिसतोय. मीडियन मात्र 950 वरून 985 वर सरकतो, जे घडलंय त्याच दिशेला. याच्या उलटही होतं, एखाद्या महिन्यात नवीन काहीच टाकलं नाही, पण जुना हिट अजून चालतोय आणि त्याला आणखी 20,000 आले, तर 11 व्हिडिओंचं ॲव्हरेज 1,800 च्या वर वाढतं आणि मीटिंगमध्ये सगळे खूश. अशा आकड्यावरून थंबनेल बदलायचं, फॉरमॅट बंद करायचा वगैरे निर्णय घेतलेले मी पाहिलेत, आणि दर वेळी ते हिटच्या शेपटीमागे धावणं असतं.

आता प्रत्यक्ष कसं काढायचं. यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये Advanced mode उघडा, कंटेंटनुसार टेबल लावा आणि एक्स्पोर्ट करून शीटमध्ये घ्या. इथे एक हमखास अडकायची जागा आहे. फाइलमध्ये हेडिंगच्या लगेच खाली Total नावाची ओळ येते, ती व्हिडिओ नाही, सगळ्यांची बेरीज आहे. कॉलम वरपासून खालपर्यंत सिलेक्ट केला की तीही आत जाते. आपल्या उदाहरणात मग ॲव्हरेज 31,600 होतं आणि मीडियन 985, म्हणजे मीडियन असा काही हलत नाही की चूक डोळ्यात भरावी, ॲव्हरेज मात्र जवळजवळ दुप्पट. ओळखायची खूण सोपी आहे, ॲव्हरेज गुणिले व्हिडिओंची संख्या केलं की एकूण व्ह्यूज यायला हवेत, नाही आले तर Total आत घुसलंय. नावं A मध्ये आणि व्ह्यूज B मध्ये ठेवले तर असं:

```
=AVERAGE(B3:B13)
=MEDIAN(B3:B13)
=QUARTILE(B3:B13,1)
=QUARTILE(B3:B13,3)
```

खालचे दोन का? तर मीडियन एकटा आकडा आहे, आजूबाजूला किती पसारा आहे ते तो सांगत नाही. इथे ते 810 आणि 1,170 येतात, म्हणजे मधले निम्मे व्हिडिओ या पट्ट्यात आहेत. पुढच्या व्हिडिओला 700 आले तर जरा बघायला हवं, 880 आले तर काही झालेलं नाही, रोजचंच आहे. मला विचाराल तर रिपोर्टमध्ये हा पट्टा मीडियनपेक्षाही जास्त कामाचा.

वय सारखं ठेवा. परवा टाकलेला व्हिडिओ आणि दोन वर्षं जुना व्हिडिओ एकाच यादीत घातले तर मीडियनही काही वाचवत नाही. प्रत्येकाचे पहिल्या 28 दिवसांचे व्ह्यूज घ्या, आणि ज्याचे 28 दिवस झाले नाहीत तो सरळ बाहेर.

शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ तर अजिबात मिसळू नका. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबवर शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा परत चालला तरी व्ह्यू धरला जातो, त्यामुळे दोन्हीकडचा "व्ह्यू" म्हणजे एकच गोष्ट नाही. शिवाय मीडियन इथे विचित्र उडी मारतो. आपल्या 11 व्हिडिओंत 300 च्या खाली चाललेले 10 शॉर्ट्स घातले तर मधला येतो 620, आणखी दोन तसलेच शॉर्ट्स टाकले की मधला थेट 300 च्या खाली. चॅनेल बिघडलेलं नसतं, फक्त एका ढिगाचं पारडं जड झालेलं असतं.

ॲव्हरेज फेकून द्या असं मी म्हणत नाहीये हां. महिन्याचे एकूण व्ह्यूज, कमाई, खर्च निघाला का, असल्या प्रश्नांना बेरीज लागते आणि तिथे हिट मोजलाच पाहिजे, पैसे त्यानेच आणलेत. मीडियन गुणिले 11 केलं तर 10,450 येतात, ते कशाचंच उत्तर नाही. पण स्पॉन्सर विचारतोय की पुढच्या व्हिडिओवर किती लोक येतील, तर तिथे 17 हजार सांगणं म्हणजे नंतर तोंड लपवायची वेळ.

आणि पुढच्या व्हिडिओचा अंदाज द्यायचा तर अख्ख्या यादीचा 950 सुद्धा थोडा जुनाट ठरू शकतो. अपलोडच्या क्रमाने बघा: 620, 780, 710, 900, 840, मग हिट, मग 1020, 950, 1240, 1100, 1440. हिटच्या आधीच्या पाचांचा मीडियन 780, नंतरच्या पाचांचा 1,100. म्हणजे हिटनंतर रोजचा व्हिडिओ वर सरकलाय, पण तीनशेच्या आसपास, हजारोंनी नाही. पाच-पाच व्हिडिओ कमीच आहेत, आणि वाढ हिटमुळेच झाली की आधीपासूनच होत होती हेही यातून सिद्ध होत नाही, तरी स्पॉन्सरला मी 1,100 च्या आसपास सांगेन आणि हिटचा आकडा वेगळ्या ओळीत लिहीन.