साबण पाण्यात फाटतोय? आधी पाणी बघा, कॉस्टिक नंतर (या चुका टाळा)

आमच्या वहिनी मालाडला राहतात आणि घरी खोबरेल तेलाचा साबण करतात. मार्चमधली त्यांची पहिली बॅच मस्त झाली होती, मी दादरला आमच्या घरी वापरली तर फेसच फेस. मेमध्ये त्यांचा फोन आला, "भावजी, साबण बिघडला हो, बादलीत घातला की दह्यासारखा फाटतो, वर पांढरी साय येते आणि फेस नावालाही नाही." त्यांना वाटलं कॉस्टिक कमी पडलं, म्हणून पुढच्या बॅचला त्यांनी ते वाढवलं आणि आता साबण फाटतोही आणि हातही जळजळतात. ही चूक खूप जण करतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

साबण कसा होतो ते एकदा डोक्यात बसलं की हिशोब सोपा आहे. तेलाचा एक रेणू म्हणजे एका ग्लिसरीनला चिकटलेली तीन फॅटी ॲसिडं. कॉस्टिक सोडा ही तिन्ही तोडतो, प्रत्येकाला एक सोडियम मिळतं, तीन साबण तयार होतात आणि ग्लिसरीन सुटं होतं. यालाच साबणीकरण म्हणतात. म्हणजे तेल ठरलं की कॉस्टिक किती ते आपोआप ठरलं, अंदाजाला जागाच नाही. खोबरेलच्या 1 ग्रॅमला साधारण 0.183 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतं, म्हणजे 500 ग्रॅम तेलाला 91.5 ग्रॅम. त्यातही थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवायचं, नाहीतर खोबरेलचा साबण त्वचा फार कोरडी करतो. वहिनींनी पहिल्यांदा 500 ग्रॅम तेलाला कॉस्टिकचे 88 ग्रॅम फ्लेक्स घेतले होते, ते 97 टक्के शुद्ध धरले तर खरं कॉस्टिक 85 ग्रॅम, म्हणजे जवळपास 7 टक्के तेल शिल्लक. अगदी बरोबर होतं ते.

दुसऱ्यांदा त्यांनी 105 ग्रॅम घातले. त्यात शुद्ध 102 ग्रॅम, तेल जास्तीत जास्त 91.5 ग्रॅमच खाणार, मग उरलेले 10 ग्रॅम कॉस्टिक साबणात तसंच बसून राहिलं, आणि तेच हाताला लागत होतं. अशी बॅच फेकायची गरज नसते. साबण किसून मंद आचेवर स्टीलच्या भांड्यात थोड्या पाण्याबरोबर वितळवा (ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं) आणि आणखी 80 ग्रॅम खोबरेल घालून तेल पूर्ण मुरेपर्यंत हलवत रहा. आता एकूण तेल 580 ग्रॅम, त्याची पूर्ण गरज 106 ग्रॅम, आपल्याकडे 102, म्हणजे 4 टक्के तेल शिल्लक. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

इथे एक चूक हमखास होते, साबणाचं पीएच 7 वर आणायला लोक लिंबू पिळतात. खरा साबण 9 ते 10 पीएचचाच असतो. लिंबाचं ॲसिड साबणाला परत फॅटी ॲसिड करून टाकतं, म्हणजे तुम्ही केलेला साबण तुम्हीच मोडताय. पट्टीवर 12 च्या आसपास दिसलं तरच कॉस्टिक जास्त आहे असं समजा.

पण मूळ प्रश्न राहिलाच, पहिली बॅच बरोबर होती तर फाटली का? दोन बाटल्या घ्या, एकीत घरचं पाणी, दुसरीत एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी (ते हवेतल्या वाफेचं, त्यात क्षार जवळपास नसतात), दोन्हीत साबणाचा नखाएवढा तुकडा घालून जोरात हलवा. वहिनींकडे एसीच्या पाण्यात फेस बाटलीच्या तोंडापर्यंत आला आणि घरच्या पाण्यात पांढरे गुठळे तरंगले. म्हणजे साबण ठीक, पाणी जड. मार्चमध्ये त्यांच्याकडे पालिकेचं पाणी होतं, जे तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांतून येतं, पावसाचं साठलेलं, म्हणून मऊ. मेमध्ये सोसायटीने टँकर आणि बोअरवेल सुरू केली. फिशटँकच्या दुकानातल्या किटने मोजलं तर हार्डनेस 300 पीपीएम निघाला. टीडीएस मीटर वापरू नका, तो सगळेच क्षार मोजतो, आपल्याला फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवंय.

साबणाच्या डोक्याला कॉस्टिकचं सोडियम असतं, ते पाण्यात सहज सुटतं. जड पाण्यातलं एक कॅल्शियम अशा दोन साबणांना पकडतं, आणि जे तयार होतं ते विरघळतच नाही. तीच ती साय, आणि शर्टाच्या कॉलरला बसणारा करडा थर. 15 लिटरच्या बादलीत 300 पीपीएमचं पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम खोबरेलचा जवळपास 20 ग्रॅम साबण नुसता खाऊन टाकतं, त्यानंतर उरलेला साबण मळ काढायला मोकळा होतो. 100 ग्रॅमच्या वडीचा पाचवा भाग एका बादलीत गेला! जास्त साबण घासला तर साय अजून वाढते, तो उपाय नाही.

तुरटी फिरवूनही काही होत नाही, ती गाळ बसवते, कॅल्शियम काढत नाही. खायचा सोडाही नको. कपड्यांसाठी धुण्याचा सोडा घ्या, कोरडी पावडर असेल तर 15 लिटरला सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम पुरतो, तो कॅल्शियमला खडूसारखं खाली बसवतो. मग 10-15 मिनिटं थांबा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि त्यात साबण घाला. अंघोळीच्या पाण्यात मात्र हे करू नका.

आता पावडर किंवा लिक्विड डिटर्जंट त्याच पाण्यात फेस कसा देतो? त्याचं डोकं वेगळं असतं. साबणात कार्बोक्सिलेट, डिटर्जंटमध्ये सल्फोनेट किंवा सल्फेट. आपल्याकडे बाजारात जी ॲसिड स्लरी म्हणून मिळते तिला सोड्याने न्यूट्रल केलं की हाच सल्फोनेट होतो. त्याच्या डोक्याचा भार तीन ऑक्सिजनवर पसरलेला असतो, म्हणून तो कॅल्शियमला घट्ट धरत नाही आणि कॅल्शियमबरोबरही बराचसा पाण्यातच राहतो. लिंबाने तो मोडतही नाही. पण "डिटर्जंटला जड पाण्याचं काहीच वाटत नाही" हेही खरं नाही. खूप जड पाण्यात स्लरीवालाही खाली बसतो, म्हणूनच पावडरीत सोडा आणि झिओलाइट घालतात, ते कॅल्शियमला आधी पकडून ठेवतात. घरी नुसती स्लरी आणि मीठ घालून लिक्विड करणाऱ्यांचा माल टँकरच्या पाण्यात लवकर दमतो, त्याचं कारण हेच. शाम्पूतला एसएलईएस यापेक्षा बराच टिकतो.

वहिनींची 105 ग्रॅमवाली बॅच 80 ग्रॅम तेलाने वाचली, चार आठवडे सुकवली. टँकर सुरू असेपर्यंत त्या कपड्यांना पावडर वापरतात आणि तो साबण जूनमध्ये तलावाचं पाणी परत सुरू झालं की काढणार आहेत. कॉस्टिकचं प्रमाण मात्र परत 88 ग्रॅमवर आलंय.