जिन्याचं काँक्रीट काढताना उतारावरची लांबी घ्या

पायऱ्यांना खालून आधार देणारा वेस्ट स्लॅब तिरका असतो, पण अंदाज काढताना बरेच जण आडवी लांबीच धरतात आणि काँक्रीट कमी पडतं. समजा रायझर १५० मिमी, ट्रेड २५० मिमी, जिन्याची रुंदी १ मीटर आणि स्लॅबची जाडी १५० मिमी आहे. एका फ्लाइटमध्ये १० रायझर असतील तर ट्रेड ९ धरायचे, कारण दहावा रायझर चढलं की लँडिंगच येतं.

एका पायरीची तिरकी लांबी म्हणजे ०.१५ आणि ०.२५ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ०.२९१५ मीटर. नऊ पायऱ्यांची २.६२४ मीटर. तिला रुंदी आणि जाडीने गुणलं की स्लॅबचे ०.३९४ घनमीटर. आडवी २.२५ मीटर धरली असती तर ०.३३८ च आले असते.

पायऱ्या त्रिकोणी, म्हणून ½ × ०.१५ × ०.२५ × १ × ९ = ०.१६९. हा अर्धा विसरलात तर पायऱ्यांचं काँक्रीट दुप्पट दिसेल. एकूण ०.५६३ घनमीटर, लँडिंग वेगळं मोजा.

साइटवर जाडी मात्र उताराला काटकोनात तपासा. टेप उभी धरून १५० भरली, तर खरी जाडी जेमतेम १२९ मिमी असते.