फोटोतल्या सर्किट डायग्रामवर अरबी लेबलं लावताना: आकडे आणि युनिट जसेच्या तसे कसे ठेवायचे

मी मूळचा रत्नागिरीचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. मस्कतला सहा वर्षं मेंटेनन्समधे होतो, तिथेच कामापुरती अरबी शिकलो, परत आल्यावर पुण्यात राहून नीट शिकलो आणि आता टेक्निकल भाषांतराची कामं घेतो. या लाईनमधे नवीन आलेल्यांना पहिलं काम बऱ्याचदा हेच मिळतं, म्हणजे कुणीतरी मोबाईलवर काढलेला सर्किटचा फोटो पाठवतं आणि म्हणतं एवढी लेबलं अरबीत करून द्या, सिम्बॉल आणि युनिट बदलू नका. ऐकायला अर्ध्या तासाचं काम वाटतं. माझं पहिलं काम दोनदा परत आलं होतं, तेच धरून सांगतो.

डायग्राम होतं 12 व्होल्टच्या साध्या रेग्युलेटेड पॉवर सप्लायचं. ओमानमधल्या एका ट्रेनिंग सेंटरच्या मास्तरांची जुनी छापील लॅब शीट होती, फाईल हरवलेली, उरलं फक्त कागदाचं पान, तेही मधे वाकलेलं आणि वरून ट्यूबलाईटची चमक पडलेली. डावीकडून 230 V आत येतो, फ्यूज, मग `230 V / 15 V` चा ट्रान्सफॉर्मर, चार `1N4007` डायोडचा ब्रिज, `1000 µF 35 V` चा मोठा कपॅसिटर, मग `7812` रेग्युलेटर, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे कपॅसिटर, शेवटी `1k` रेझिस्टरमधून एक एलईडी आणि आउटपुटला `+12 V`.

कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी आता एक कागद घेतो आणि फोटोत जेवढं म्हणून छापलेलं दिसतं ते सगळं उतरवतो, एकही अक्षर न सोडता. मग प्रत्येकासमोर खूण करतो की हा शब्द आहे की नाही. फ्यूज, स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, फिल्टर कपॅसिटर, व्होल्टेज रेग्युलेटर, इनपुट, आउटपुट, इंडिकेटर, असे त्या पानावर फक्त आठ शब्द निघाले. बाकी सगळं, म्हणजे `R1`, `C2`, `D1` असे नंबर, व्हॅल्यू, युनिट, पार्ट नंबर, `GND`, पिनचे आकडे, हे कशालाच हात लावायचा नाही. एवढ्या गर्दीच्या पानावर खरं भाषांतर आठ जागांचं आहे हे कळलं की जीव भांड्यात पडतो.

मला मात्र तेव्हा `R1` बद्दल शंका होती. काही अरब देशांत शाळेच्या पुस्तकात ओहमचा नियम अरबी अक्षरांत शिकवतात, रेझिस्टन्सला तिथे म हे अक्षर, म्हणजे मीम वापरतात, त्यामुळे मला वाटलं `R1` चं पण मीम १ करावं, मुलांना सोपं जाईल. ज्या उस्तादांनी काम तपासलं ते म्हणाले, "अरे बाबा, रेझिस्टर म्हणजे मुकावमा, कपॅसिटर मुकस्सिफ, ट्रान्सफॉर्मर मुहव्विल, स्विच मिफ्ताह, फ्यूज मुन्सहिर, रेग्युलेटर मुनज्ज़िम. सगळ्यांचं पहिलं अक्षर मीमच, मग मीम १ म्हणजे नक्की कोण?" शिवाय मुलाच्या हातात जो बोर्ड आहे त्यावर छापलेलं असतं `R1`, पार्ट लिस्टमधे पण `R1`, मग फक्त चित्रात वेगळं केलं तर त्याने जोडायचं कशाशी. `R1` हा शब्द नाही, तो त्या पार्टचा पत्ता आहे, असं धरून चाला.

शब्दांची यादी मी क्लायंटकडून आधी पास करून घेतो, कारण अरबी सगळीकडे एक नाही. ब्रिज रेक्टिफायरला इजिप्तच्या पुस्तकांत कन्तरत तौहीद लिहितात, दुसरीकडे तक़वीम हा शब्द चालतो. दोन्ही बरोबर, पण एका पुस्तकात दोन्ही आले तर मुलं गोंधळतात. या कामात जे ठरलं त्यातले सहा शब्द खाली देतो, क्रमाने फ्यूज, स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, फिल्टर कपॅसिटर, व्होल्टेज रेग्युलेटर, आउटपुट:

```
منصهر
محول خافض
قنطرة تقويم
مكثف ترشيح
منظم جهد
خرج
```

आता फोटो. सगळ्यात आधी पान सरळ करून घ्यायचं, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह दुरुस्त करायचा, आणि ते झालं की ती फाईल PNG मधे सेव्ह करून मूळ प्रत म्हणून बाजूला ठेवायची, तिला परत शिवायचं नाही. शार्प करणं किंवा कॉन्ट्रास्ट खूप वाढवणं टाळा, कारण त्यात दशांशचिन्ह आधी मरतं. माझ्या फोटोत `7812` च्या इनपुटचा कपॅसिटर मला `33 µF` वाचता आला. झूम केल्यावर ३३ च्या आधी एक पुसट डाग दिसला, तो टिंब आहे की कागदावरची घाण हे नुसतं बघून कळेना. इथे इलेक्ट्रॉनिक्स कामाला येतं. त्या कपॅसिटरचा सिम्बॉल दोन साध्या समांतर रेघांचा होता, प्लसची खूण नव्हती, आणि ३३ मायक्रोफॅरड असता तर तो बहुतेक इलेक्ट्रोलिटिक असता आणि शेजारच्या मोठ्या कपॅसिटरसारखी त्यालाही प्लसची खूण असती. वर `7812` च्या डेटाशीटमधे इनपुटला `0.33 µF` आणि आउटपुटला `0.1 µF` दाखवलेलं असतं. म्हणजे ते टिंबच होतं. तरी मी स्वतःच्या मनाने ठरवलं नाही, मास्तरांना विचारलं, त्यांनी कागद बघून `.33` आहे म्हणून सांगितलं. सिम्बॉल आणि व्हॅल्यू एकमेकांशी जुळत नसतील तर वाचण्यात चूक झालीय असंच समजा.

आणि मग मुख्य गोष्ट. व्हॅल्यू जशीच्या तशी ठेवायची असेल तर ती परत टाईपच करू नका. फोटोत जी छापलेली आहे ती तशीच राहू द्या, फक्त इंग्रजी शब्दावर कागदाच्या रंगाचा ठिगळ लावा आणि तेवढ्या जागेत अरबी शब्द बसवा. ठिगळाचा रंग शेजारच्या कागदावरून उचलायचा, पांढराशुभ्र नको, कारण फोटोतला कागद पिवळसर असतो. अरबी अक्षरं एकमेकांना जोडलेली दिसतायत ना ते बघा, सुटी सुटी दिसली तर तुमचं सॉफ्टवेअर अरबी नीट मांडत नाहीये, मग दुसरं घ्या. मी गिंप वापरतो, त्यात जोडली जातात.

पण माझ्या फोटोत मोठ्या कपॅसिटरच्या व्हॅल्यूवरच ट्यूबची चमक होती, तिथे टाईप करण्यावाचून इलाज नव्हता (आकडा मास्तरांकडून खात्री करून घेतला होता). मी एकाच टेक्स्ट बॉक्समधे आधी अरबीत मुकस्सिफ आणि पुढे `1000 µF 35 V` असं लिहिलं. टाईप केलं बरोबर, पण स्क्रीनवर डावीकडून बघितलं तर आलं `µF 35 V 1000` आणि त्याच्या उजवीकडे अरबी शब्द. मी घाईत होतो, सगळे आकडे आहेत एवढं बघितलं आणि पाठवून दिलं, काम पहिल्यांदा परत आलं ते यावरूनच. आता हे वाचणाऱ्या मुलाला काय दिसेल? ३५ मायक्रोफॅरड, १००० व्होल्ट. ३५ मायक्रोफॅरड लावला तर अर्ध्या अँपिअरच्या लोडला तो काहीच धरून ठेवू शकत नाही, 7812 च्या इनपुटला व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा खाली कोसळतं, आउटपुटलाही तसेच खड्डे पडतात, आणि पोरगा रेग्युलेटर बदलत बसतो.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, मग आयुष्यभर पुरतं. अरबी उजवीकडून डावीकडे, पण आकडा आणि लॅटिन अक्षरं त्याच ओळीत डावीकडून उजवीकडे चालतात. अरबी शब्दानंतर लगेच आलेला `1000` अरबी वाक्याचाच भाग धरला जातो, मग `µF` हे लॅटिन अक्षर आलं की तिथून वेगळा तुकडा सुरू होतो, आणि त्यामागून येणारा `35` लॅटिनच्या मागोमाग आल्यामुळे त्या तुकड्यात जातो. म्हणजे एक आकडा इकडे आणि बाकीचं सगळं तिकडे. युनिकोडचा नियमच तसा आहे, सॉफ्टवेअरची चूक नाही. अरबी शब्दामागे `+12 V` लिहिलं तरी हेच, `V 12+` असं काहीतरी दिसतं, आणि मायनस असेल तर तो आकड्याच्या कुठल्या बाजूला आहे यावर सगळं सर्किट अवलंबून असतं.

उपाय सोपा आहे. फोटोवर लिहिताना शब्दाचा बॉक्स वेगळा, व्हॅल्यूचा बॉक्स वेगळा, आणि व्हॅल्यूच्या बॉक्सची दिशा डावीकडून उजवीकडे. शब्द वर, व्हॅल्यू खाली, दोन ओळी झाल्या तरी चालतं. जिथे एकाच ओळीत लिहावंच लागतं, समजा सोबतच्या टिपणात, तिथे व्हॅल्यूच्या आधी U+2066 आणि नंतर U+2069 ही न दिसणारी अक्षरं टाका, म्हणजे मधला तुकडा आपल्या आपल्यात सुरक्षित राहतो. ही युनिकोडमधे २०१३ ला आली, जुन्या सॉफ्टवेअरमधे चालतीलच असं नाही, म्हणून मी पहिली पसंती वेगळ्या बॉक्सलाच देतो.

काम दुसऱ्यांदा परत आलं ते आकड्यांवरून. सोबतची पार्ट लिस्ट वर्डमधे होती आणि क्लायंटच्या कॉम्प्युटरवर सगळे आकडे अरबी वळणाचे दिसत होते. वर्डच्या ऑप्शन्समधे अ‍ॅडव्हान्स्डखाली `Numeral` नावाची एक सेटिंग असते. तिथे `Hindi` म्हणजे आपले देवनागरी आकडे नव्हेत, ते अरब जगातले ١٢٣ असे आकडे, आणि `Arabic` म्हणजे साधे 123. माझ्यासारख्या माणसाला हे उलटंच वाटणार. `Context` ठेवलं तर शेजारी अरबी शब्द आला की आकडे आपोआप बदलतात, फाईलमधे बदललेले नसले तरी दिसायला आणि छापायला बदलतात. त्या आकड्यांत पाच हा गोल असतो, आपल्याला शून्य वाटेल असा, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. `1000` तसा छापून त्याची झेरॉक्स काढली तर तीन टिंबांपैकी किती उरतील सांगता येत नाही. तेव्हापासून मी पार्ट लिस्ट फक्त पीडीएफ करून पाठवतो.

पाठवायच्या आधीची तपासणी डोळ्यांवर सोडू नका. बाजूला ठेवलेली मूळ PNG आणि तयार झालेलं चित्र एकावर एक ठेवायचं आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` करायचा. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसतं, जिथे बदललं तिथेच उजळतं. मधे कुठे JPEG केलं असेल तर सगळीकडे भुरभुर दिसते, म्हणून PNG. या कामात आठ शब्द आणि ती एक चमकेखालची व्हॅल्यू, अशा नऊ जागा उजळायला हव्या होत्या. मला दहा दिसल्या. दहावी अगदी बारीक होती, दुसऱ्या कपॅसिटरपाशी, झूम केलं तर रेग्युलेटरच्या नावावर लावलेल्या ठिगळाचा कोपरा `.33` च्या टिंबावर आला होता.

तो ठिगळ दोन पिक्सेल उजवीकडे सरकवला, परत `Difference` लावून नऊ मोजल्या, आणि मग फाईल पाठवली.