जवळच्या मैत्रिणीला विचारलं, ती नाही म्हणाली, मैत्री टिकली: काय काय केलं ते सगळं

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला नवीन आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, कारण अभ्यासिकेत हे होतंच. सकाळी आठला तेच चेहरे, अकराचा चहा सोबत, दुपारी मेस सोबत, रात्री रूमवर जाताना पण सोबत, आणि असे चार-सहा महिने गेले की एखाद्या दिवशी ती आली नाही तर आपलं पानावर लक्षच लागत नाही. मग प्रश्न पडतो की सांगावं तर मैत्री जाईल आणि नाही सांगावं तर आत घुसमट. मी नवी पेठेतल्या अभ्यासिकेत होतो, ती चालू घडामोडीच्या नोट्स काढायची, मी अर्थशास्त्राच्या, दोघं अदलाबदल करायचो. मी विचारलं, ती नाही म्हणाली, आज ती नोकरीला लागलीये आणि अजून पण मुख्य परीक्षेचं उत्तर लिहिलं की मी पहिलं तिलाच पाठवतो.

विचारायच्या आधी एकच गोष्ट स्वतःशी नीट बघायची. ती नाही म्हणाली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणासोबत दिसली, तर मी तिच्याशी आत्तासारखं बोलू शकेन का? याचं उत्तर नाही असेल तर तुम्ही तिला "मैत्री तशीच राहील" असा शब्द देऊ नका, तो पाळला जाणार नाही. मला या उत्तराला वेळ लागला आणि तोवर मी थांबलो, घाई केली नाही.

दुसरं म्हणजे ग्रुपमध्ये कुणाला सांगायचं नाही. अगदी रूममेटला पण नाही, निदान तो तिला ओळखत असेल तर. आपल्याकडे लगेच "वहिनी" सुरू होतं, चहाला गेलं की मुद्दाम दोघांना शेजारी बसवतात, आणि मग तिच्यासमोर फक्त तुमचा प्रश्न राहत नाही तर अख्ख्या ग्रुपचा राहतो. तिला नाही म्हणायचं असलं तरी दहा जणांत तोंड दाखवायचं टेन्शन येतं. मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून चाचपणी करणं पण तसलंच, तिला आधीच कळतं आणि ती तुमच्यापासून लांब बसायला लागते, तुम्हाला कारण पण कळत नाही.

वेळ. परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण सोडून द्या, पूर्व परीक्षेचा निकाल लागायच्या आसपासचे दिवस पण. कुणाचं डोकं तेव्हा ठिकाणावर नसतं. तिचा वाढदिवस, व्हॅलेंटाइन, असले दिवस पण नकोत, कारण नकार दिला की तो दिवस दरवर्षी आठवतो. आणि ती तुमच्यावर कशासाठी तरी अवलंबून असेल, म्हणजे तुम्ही तिला रूम शोधून देताय, पैसे उसने दिलेत, गावाला सोडायला जाणार आहात, तर ते काम आधी पूर्ण होऊ द्या. नाहीतर तिला वाटतं की हे सगळं याच्यासाठीच केलं होतं.

जागेचं मी खूप बघितलं. सिंहगडला जाऊन विचारू असं बरेच जण ठरवतात, पण तिथं नकार आला तर उतरून येईपर्यंत आणि गाडीवर मागं बसून पुण्यापर्यंत तिला तुमच्यासोबतच यावं लागतं, ते दोघांना पण जड जातं. मी तिच्या होस्टेलजवळच्या टपरीवर विचारलं, संध्याकाळी, चहा संपत आला होता तेव्हा, म्हणजे तिला दोन मिनिटांत चालत घरी जाता यावं. एकांत नको आणि ओळखीचे लोक पण नकोत, एवढं जमलं की बास.

आता वाक्य. मी सहा महिन्यांचा इतिहास सांगितला नाही, पहिल्यांदा कधी आवडली वगैरे पण नाही, कारण जेवढं मोठं सांगाल तेवढं तिला नाकारायला जड होतं. मी एवढंच बोललो, "मला तू मैत्रीच्या पलीकडे आवडतेस. रविवारी आपण दोघंच जेवायला जायचं का, डेट म्हणून? नको असेल तर सरळ नको म्हण, मला चालेल." डेट हा शब्द मुद्दाम घातला, कारण नुसतं "जेवायला जाऊ" म्हणलं की ती मैत्रीतच येईल आणि तुम्ही दोन महिने अंदाज लावत बसाल. हे समोर बोलायचं, व्हॉट्सॅपवर नाही. मेसेज टाकला की निळी टिक बघत बसायचं, आणि ती चार जणींना स्क्रीनशॉट दाखवून उत्तर ठरवते, तिचा पण दोष नसतो.

ती थोडं थांबली आणि म्हणाली, "अरे, मी तुझा तसा विचारच नाही केलाय. मला नाही जमणार." मी म्हणलो, "ठीके, स्पष्ट सांगितलंस ते बरं झालं. उद्या अर्थसंकल्पाचा भाग घेऊया ना?" का, कुणी दुसरं आहे का, पुढं कधी, यातलं काही विचारलं नाही. कारण विचारलं की तिला एकतर खोटं बोलावं लागतं नाहीतर तुम्हाला दुखवावं लागतं. "विचार करून सांगते" असं उत्तर आलं तर "बरं, तू सांगशील तेव्हा" म्हणायचं आणि परत विषय काढायचा नाही, तिने काढला नाही तर उत्तर नाही असंच धरायचं.

खरी मैत्री टिकते की जाते ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं, आणि इथं लक्ष द्या. त्या रात्री लांबलचक मेसेज नाही, सॉरी नाही, स्टेटसला दर्दभरी गाणी तर अजिबात नाहीत, ती बघते आणि तिला दोषी वाटतं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्याच वेळेला आलो, नेहमीच्याच टेबलावर बसलो, नोट्स दिल्या. फक्त रात्रीचे वैयक्तिक मेसेज मी कमी केले, कारण ते मैत्रीचे कमी आणि माझ्या आशेचे जास्त होते. ती पहिले काही दिवस चहाला तिसऱ्या मैत्रिणीला घेऊन यायची. मी ते तसंच चालू दिलं, काय झालं म्हणून विचारलं नाही, हळूहळू ती परत एकटी यायला लागली. ती ग्रुपवर बोलतेय पण तुमच्या एकट्याच्या मेसेजला उत्तर देत नाहीये असं दिसलं तर मेसेज थांबवा, अंतर किती ते तिला ठरवू द्या.

आणि आतून फारच त्रास होत असेल तर अचानक गायब होऊ नका. "मला थोडे दिवस लागतील, तुझ्यावर राग नाही, मी स्वतःहून बोलेन" एवढं सांगून दुसऱ्या शिफ्टला बसा. तिला कारण माहीत असलं की ती वेगळे अर्थ काढत नाही. माझा एक मित्र असा दोन महिने सकाळच्या बॅचला गेला होता, नंतर परत आला, त्यांची मैत्री आमच्याइतकी घट्ट नाही राहिली पण एकमेकांच्या लग्नाला जातील एवढी नक्की आहे. परत विचारायचं का असं बरेच जण विचारतात, तर तिच्याकडून काही आल्याशिवाय नाही. पहिल्या नकारानंतर ती तुमच्यासोबत मोकळी वागते ते तुम्ही विषय संपवला असं समजूनच.