१२.९ च्या बोल्टला झिंक चढवताना या चुका टाळा

जळगावकडच्या जिनिंगमध्ये सीझन सुरू होण्याआधी प्रेसचे बोल्ट बदलतात. नवे अ‍ॅलन बोल्ट, ग्रेड १२.९ म्हणजे फार मजबूत स्टीलचे, काळे आलेले. पावसाळ्यात गंजू नयेत म्हणून कुणीतरी ते एमआयडीसीत पिवळ्या झिंकला पाठवतं. बोल्ट लागतात, टॉर्क बरोबर असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रेस बंद असताना एक डोकं टक्कन उडतं. सगळे म्हणतात, फिटरने जास्त आवळलं.

जास्त आवळलेला बोल्ट मात्र आवळतानाच तुटतो आणि तुटण्याआधी ताणला जातो, मोडीजवळ तो बारीक झालेला दिसतो. इथे तसं काही नसतं. मोड सपाट, दाणेदार, बहुतेक डोक्याखालच्या गोलाईत किंवा नटातल्या पहिल्या आट्यावर. थकव्याने तुटलेल्या बोल्टवर बऱ्याचदा लाटांसारख्या खुणा असतात, आणि तो तुटायला मशीन चालावी लागते. मशीन उभी असताना, तासा-दिवसांनी तुटला तर आधी हायड्रोजनवर संशय घ्यावा.

हा हायड्रोजन येतो कुठून? गंज काढायला बोल्ट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, तिथे लोखंडावर हायड्रोजन सुटतो. प्लेटिंगच्या टाकीत झिंकसोबत पुन्हा सुटतो. बराचसा बुडबुड्यांनी निघून जातो, थोडा अणुरूपात स्टीलमध्ये शिरतो. ८.८ या खालच्या ग्रेडला सहसा त्याची फिकीर नसते. १२.९ ची कठीणता रॉकवेल मापात ३९ ते ४४ एचआरसी असते, आणि इतकं कठीण स्टील हे सहन करत नाही. एम १६ चा असा बोल्ट नीट आवळला की त्यावर सुमारे ११ टन ताण कायम असतो. हायड्रोजन सरकत सरकत सर्वाधिक ताणाच्या जागी, म्हणजे आट्याच्या मुळाशी जमतो, कणांच्या सीमा कमकुवत करतो आणि तडा हळूहळू पुढे सरकतो. तुटायला उशीर लागतो तो यामुळेच.

प्लेटिंगवाल्याला विचारलं तर “बेक केलंय” असं उत्तर मिळतं, म्हणजे हायड्रोजन बाहेर काढायला बोल्ट ओव्हनमध्ये तापवलेत. कसं केलं, हे क्वचितच कुणी विचारतं.

सर्वात मोठी चूक क्रमाची. बेकिंग प्लेटिंगनंतर, पण झिंकवर पिवळा रासायनिक थर चढवण्याच्या, म्हणजे पॅसिव्हेशनच्या आधी व्हायला हवं, कारण जुन्या पद्धतीचा पिवळा थर ६०-७० अंशांच्या वर तडकतो आणि गंजरोधक गुण गमावतो. क्रम उलटा झाला की कारागीर रंग वाचवायला ओव्हन १०० अंशांवर ठेवतो. रंग छान राहतो, हायड्रोजनही राहतो. झिंकचा थर हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही, म्हणून १९० ते २२० अंश लागतात. हवेच्या उष्म्याने हे काम होत नाही. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हातही नाही. बरोबर क्रम असा: प्लेटिंग, धुणं, बेकिंग, मग अगदी सौम्य नायट्रिक अ‍ॅसिडची डूब, मग पॅसिव्हेशन.

दुसरी चूक घड्याळाची. प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत माल ओव्हनमध्ये जायला हवा, तासाभरात गेला तर उत्तम. दिवसभराचा माल साठवून रात्री एकदम घालणं चालत नाही. बेकिंगची वेळही स्विच दाबल्यापासून मोजतात, पण टोपलीच्या मधला बोल्ट २०० अंशांवर यायला वेळ घेतो. तापमान मोजणारा थर्मोकपल मधल्या बोल्टपाशी लावावा आणि तिथून मोजावं. १२.९ ला ४ तास फारच कमी. ८ तासांच्या खाली जाऊ नये, १२ ते २४ धरावेत.

तिसरी चूक पुन्हा प्लेटिंगची. थर खराब आला म्हणून झिंक अ‍ॅसिडमध्ये उतरवतात, तेव्हा झिंक विरघळताना हायड्रोजनचा फेस येतो. परत प्लेट केलेला बोल्ट दोनदा हायड्रोजन खातो. गंज काढायचाच असेल तर शॉट ब्लास्टिंग करावं. अ‍ॅसिडशिवाय जमत नसेल तर स्टीलवरचा मारा कमी करणारं इनहिबिटर घालून आणि कमीत कमी वेळ.

एक बोल्ट तुटला तर त्या लॉटचे बाकीचे सगळे काढा. पुन्हा बेक करून तडा बुजत नाही. आणि त्याच झिंकमधून आलेले स्प्रिंग वॉशरही बघा, त्यांचं स्टील १२.९ पेक्षाही कठीण असतं, आणि ते चुपचाप दुभंगतात.

खात्रीसाठी प्रत्येक लॉटमधले काही बोल्ट जाड प्लेटमध्ये पूर्ण ताणावर आवळून किमान ४८ तास ठेवावेत, मग भिंगाखाली आटे आणि डोक्याची गोलाई तपासावी. एकातही तडा दिसला तर लॉट नापास.

खरं सांगायचं तर १२.९ ला विजेचं झिंक देऊच नये. झिंक फ्लेकचा लेप विजेशिवाय बसतो, तो घ्यावा; त्यातही आधीची सफाई अ‍ॅसिडने नाही, ब्लास्टिंगने झाली का, ते विचारावं. प्रेस शेडखाली असेल, तर काळा बोल्ट तेल लावून वापरला तरी पुरतो.